वारसाच्या शेअरची तक्रार कंपनीच्या समितीपर्यंत कशी पोहोचवायची

मराठवाड्यातल्या अनेक घरांत कपाटातल्या जुन्या फायलीत शेअर सर्टिफिकेटं सापडतात. एखाद्या शिक्षकाने, एसटीतल्या कर्मचाऱ्याने, अडत दुकानदाराने नव्वदच्या दशकात पब्लिक इश्यूमध्ये अर्ज भरलेला असतो. तो माणूस गेल्यावर ते शेअर बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर करायला घेतले की पत्रव्यवहार सुरू होतो आणि बऱ्याचदा हरकतींच्या पत्रांतच अडकतो. मग कुणीतरी सांगतं की कंपनीच्या संचालक मंडळाची ‘स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी’ असते, तिला लिहा. लोक लिहितात. उत्तर येतं ते पुन्हा कंपनीच्या शेअरनोंदी सांभाळणाऱ्या त्याच रजिस्ट्रारकडून, त्याच मजकुराचं.

असं होतं, कारण ही समिती सुटे अर्ज उघडून वाचत नाही. तिच्यापुढे तक्रारींचा गोषवारा जातो. तुमचं प्रकरण त्या गोषवाऱ्यात ‘तक्रार’ म्हणून नोंदलं गेलं, तरच समितीला ते दिसतं. ही नोंद कशी होते आणि वारसाच्या शेअरच्या प्रकरणात ती कुठे हुकते, ते या लेखात क्रमाने मांडलं आहे.

समिती कुणाची, कुठे बसते

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७८ नुसार, आर्थिक वर्षात कधीही ज्या कंपनीचे भागधारक, डिबेंचरधारक, ठेवीदार वगैरे मिळून १,००० च्या वर जातात, तिला ही समिती नेमावी लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना याशिवाय सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमांतला नियम २० लागतो. त्याप्रमाणे समितीत किमान तीन संचालक हवेत, त्यांतला किमान एक स्वतंत्र संचालक हवा, आणि अध्यक्ष कंपनीच्या रोजच्या कारभारात नसलेला संचालक हवा. वर्षातून किमान एक बैठक झाली पाहिजे. बऱ्याच मोठ्या कंपन्या दर तिमाहीला बसतात, पण तसं बंधन नाही.

समितीची कामं नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात लिहिलेली आहेत. वारसाकडे शेअर वर्ग होणं, लाभांश न मिळणं, वार्षिक अहवाल न येणं, हरवलेल्या सर्टिफिकेटाच्या बदल्यात नवं मिळणं, यांविषयीच्या तक्रारींचं निवारण हे पहिलं काम. सामान्य माणसाच्या दृष्टीने त्याच यादीतलं दुसरं एक काम मला जास्त मोलाचं वाटतं. कंपनीचा रजिस्ट्रार, म्हणजे आरटीए, ठरलेल्या दर्जाने सेवा देतो की नाही याचा आढावा समितीने घ्यायचा असतो. आपली बहुतेक अडचण आरटीएच्या टेबलावरच असते, म्हणून तक्रारीत याच कामाचा आधार घ्यायचा.

रोजच्या कामाची साखळी अशी असते. सर्टिफिकेटं आणि फॉर्म आरटीएकडे जातात. आरटीएवर लक्ष ठेवतो कंपनीचा कंप्लायन्स ऑफिसर, जो कंपनी सेक्रेटरीच असावा लागतो. तिमाही संपली की तिच्या सुरुवातीला प्रलंबित तक्रारी किती होत्या, नव्या किती आल्या, किती सुटल्या आणि किती उरल्या, हे आकडे शेअर बाजाराकडे जातात आणि संचालक मंडळापुढेही ठेवले जातात. समितीच्या बैठकीचं टिपणही याच आकड्यांवर बनतं.

म्हणून आरटीएकडे आलेल्या कागदाचं वर्गीकरण कसं होतं, याला फार महत्त्व आहे. तिथे ‘विनंती’, ‘चौकशी’ आणि ‘तक्रार’ असे वेगळे गठ्ठे असतात. “माझ्या वडिलांचे शेअर आईच्या नावावर करून द्यावेत ही नम्र विनंती” असं पत्र विनंतीच्या गठ्ठ्यात जातं, आणि ते योग्यच आहे. अडचण अशी की पाचव्या पत्रातही आपण नम्र विनंतीच करत राहतो. मग त्या घराचा सहा महिन्यांचा मनस्ताप तिमाहीच्या तक्ताबंदीत शून्य म्हणून दिसतो.

आधी एक गोष्ट तपासा: शेअर कंपनीकडे आहेत का?

लाभांश जाहीर झाल्यावर ३० दिवसांत दिला गेला नाही किंवा कुणी घेतला नाही, तर पुढच्या ७ दिवसांत ती रक्कम ‘अनपेड डिव्हिडंड’ खात्यात जाते. तिथे सात वर्षं पडून राहिली की ती केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीत जमा होते. आणि सलग सात वर्षं लाभांश घेतलाच नसेल, तर शेअरसुद्धा त्या निधीकडे वर्ग होतात. तसं करण्याच्या तीन महिने आधी कंपनीने भागधारकाला पत्र पाठवायचं असतं आणि वर्तमानपत्रात जाहिरातही द्यायची असते. पण पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि जाहिरात कुणाच्या नजरेला पडत नाही.

तेव्हा iepf.gov.in वर नाव किंवा फोलिओ क्रमांक घालून शोधा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावरची आयईपीएफकडे वर्ग झालेल्या शेअरची यादीही पाहा. शेअर तिकडे गेले असतील तर वाट बदलते. आधी कंपनीकडून वारस म्हणून हक्काची पडताळणी करून घ्यायची, मग आयईपीएफ-५ हा ऑनलाइन अर्ज भरायचा. त्या अर्जात कंपनीने पडताळणी अहवाल वेळेत दिला नाही तर कंपनीबद्दल तक्रार करता येते, पण शेअर परत देण्याचा निर्णय समितीच्या हातात नसतो. पुढचं सगळं विवेचन शेअर अजून कंपनीच्या नोंदवहीतच आहेत असं धरून केलं आहे.

एक प्रकरण, पहिल्या कागदापासून

समजण्यासाठी रचलेलं उदाहरण घेऊ. औसा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी फेब्रुवारी २०२१ मध्ये वारले. त्यांच्या एकट्याच्या नावावर मुंबईच्या एका लिस्टेड कंपनीचे २०० शेअर, कागदी स्वरूपात. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. सगळ्यांचं ठरलं की शेअर आईच्या नावावर व्हावेत. बाजारभाव ९०० रुपये धरला तर किंमत १,८०,००० रुपये होते.

ही रक्कम का काढायची? सेबीने मे २०२२ च्या परिपत्रकात कागदी शेअरसाठी एका कंपनीपुरती ५ लाख रुपयांची मर्यादा घातली. त्याच्या आत किंमत असेल तर सोपी कागदपत्रं चालतात आणि कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावं लागत नाही. कंपनीला ही मर्यादा स्वतःपुरती वाढवता येते, म्हणून अर्ज करण्याआधी चालू मर्यादा आरटीएला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

गुरुजींच्या घराला लागणारा संच असा: वारसाचा अर्ज आयएसआर-५, मूळ सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, आईच्या पॅनची स्वसाक्षांकित प्रत, सर्व वारसांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, कंपनीला नुकसानभरपाईची हमी देणारा नोटरी केलेला इंडेम्निटी बाँड, आणि तिन्ही मुलांची स्टँप पेपरवरची ना-हरकत. त्यासोबत आईच्या केवायसीसाठी आयएसआर-१, बँकेने सही प्रमाणित केलेला आयएसआर-२, रद्द केलेला चेक आणि आईच्या नावच्या डिमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट. कागदी सर्टिफिकेट आता नव्याने मिळत नाही, शेअर डिमॅटमध्येच येतात, त्यामुळे ते खातं आधी उघडावं लागतं.

आपल्याकडे तीन जागी हमखास अडतं.

पहिली जागा नावाची. सर्टिफिकेटवर नावाला ‘राव’ जोडलेलं असतं, पॅनवर नसतं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर ग्रामपंचायतीने तिसरंच रूप लिहिलेलं असतं. आपल्या गावात यात कुणाला काही वावगं वाटत नाही, पण मुंबई-हैदराबादच्या आरटीएला ही तीन वेगळी माणसं दिसतात. हरकत येण्याची वाट पाहू नका. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच संचात घाला आणि त्याला आधार म्हणून फोटो असलेला जुना सरकारी कागद जोडा.

दुसरी जागा पत्त्याची. सर्टिफिकेटवर जिल्हा औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असतो आणि आधारवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. लातूर-धाराशिव सीमेवरच्या गावांत आणखी एक अडचण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावं नव्या जागी वसली, त्यामुळे घर क्रमांक आणि काही ठिकाणी पिनकोडही जुळत नाही. जोडपत्रात दोन ओळींत खुलासा लिहिला की ही हरकत बहुधा येत नाही.

तिसरी जागा तलाठ्याच्या कागदाची. सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, म्हणून लोक तोच उतारा जोडतात. ती नोंद जमिनीपुरती असते. शेअरसाठी मागितलेल्या कागदांत ती बसत नाही आणि संच परत येतो.

वारसांत एकमत नसेल तर मात्र पुढचा कोणताही टप्पा उपयोगी पडत नाही. समिती वारस ठरवू शकत नाही. ते काम दिवाणी न्यायालयाचं आहे, आणि कंपनीने तसं कळवलं तर ती टाळाटाळ समजू नये. नॉमिनी असला तरी मालकीचा प्रश्न तिथेच संपत नाही. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी प्रकरणात सांगितलं आहे की नॉमिनेशनमुळे वारसा कायद्याने मिळणारा हक्क बदलत नाही.

विनंती कधी संपते आणि तक्रार कधी सुरू होते

गुरुजींच्या पत्नीचा संच आरटीएला १० मार्च २०२५ रोजी मिळाला असं धरू. स्पीड पोस्टची पोहोच घरी आहे. पूर्ण कागदपत्रं मिळाल्यापासून कागदी शेअरच्या वारसा नोंदीला २१ दिवसांची मुदत असते, म्हणजे ३१ मार्च.

२८ मार्चला हरकतीचं पत्र आलं: आयएसआर-२ वर बँक मॅनेजरचा कर्मचारी क्रमांक नाही आणि गुरुजींच्या नावात फरक आहे. दोन्ही हरकती रास्त आहेत. इथे तक्रार करू नये. कागद दुरुस्त करावेत आणि त्या हरकतीच्या पत्राचा क्रमांक टाकून परत पाठवावेत. घरच्यांनी तसं केलं. कागद १५ एप्रिलला पोहोचले.

९ मे रोजी दुसरं पत्र आलं. आता मुलीच्या ना-हरकतीवर साक्षीदाराचा पूर्ण पत्ता नाही म्हणून हरकत. ती ना-हरकत तर मार्चच्या पहिल्याच संचात होती आणि तेव्हा तिच्याबद्दल अवाक्षर नव्हतं. शिवाय १५ एप्रिलपासूनचे २१ दिवस ६ मे रोजीच संपले होते.

विनंती इथे संपली. सेबीने नोव्हेंबर २०२१ मध्येच आरटीएंना बजावलं आहे की सगळ्या हरकती एकाच वेळी सांगायच्या. त्यानंतर जास्तीची माहिती मागायची तर नव्याने दिलेल्या कागदात काही उणीव असेल तेवढ्यापुरतीच. एकेक हरकत हप्त्याहप्त्याने काढणं हा सेवेतला दोष आहे, आणि सेवेतला दोष पाहणं हे समितीचं लिहून दिलेलं काम आहे. खरी तक्रार याच मुद्द्यावर उभी राहते. “खूप उशीर झाला, आई म्हातारी आहे” हे खरं असतं आणि वाचणाऱ्याच्या मनाला लागायलाही हवं, पण समितीच्या टिपणात त्याला रकाना नसतो. दोन तारखा आणि मोडलेला नियम यांना असतो.

साक्षीदाराचा पत्ता मात्र त्याच दिवशी लिहून पाठवून द्या. तत्त्वासाठी कागद अडवून धरला तर पुढे कंपनीला “कागद अजून आलेला नाही” असं उत्तर देता येतं.

तक्रार कुणाला आणि कशी लिहायची

कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानावर तक्रारींसाठी वेगळा ईमेल पत्ता असतो. तो देणं नियमाने बंधनकारक आहे. समितीच्या सदस्यांची नावंही तिथे असतात. ईमेल त्या पत्त्यावर, कंप्लायन्स ऑफिसरच्या नावे करा आणि प्रत आरटीएला द्या. अध्यक्षांच्या नावे वेगळं पत्र पाठवण्यापेक्षा याच ईमेलमध्ये समितीपुढे नोंद ठेवण्याची मागणी करणं जास्त उपयोगाचं ठरतं. पत्र इंग्रजीत असेल तर आरटीएकडे लवकर पुढे सरकतं, पण मजकुराचा सांगाडा असाच असू द्या:

> विषय: तक्रार. फोलिओ क्र. ____, २०० शेअर, वारसा नोंदीत मुदतभंग
>
> १० मार्च २०२५ रोजी संपूर्ण संच आपल्या रजिस्ट्रारला मिळाला. २८ मार्चच्या हरकतपत्रातील दोन्ही हरकतींची पूर्तता १५ एप्रिल रोजी झाली. ९ मे च्या पत्राने पहिल्याच संचातील कागदावर नवी हरकत घेण्यात आली. सर्व हरकती एकाच वेळी कळवण्याच्या सेबीच्या सूचनेचा आणि २१ दिवसांच्या मुदतीचा हा भंग आहे.
>
> मागणी: १) शेअर माझ्या डिमॅट खात्यात जमा करावेत. २) फेब्रुवारी २०२१ नंतरचा न दिलेला लाभांश बँक खात्यात द्यावा. ३) हे पत्र तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक कळवावा. ४) रजिस्ट्रारच्या सेवेच्या आढाव्यासाठी हे प्रकरण स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटीच्या पुढील बैठकीत ठेवावे.
>
> सोबत: पोहोच पावत्या, दोन्ही हरकतपत्रे.

पत्रावर आईची सही हवी. मुलाने स्वतःच्या नावाने पाठवलं तर तुमचा आमच्या नोंदीशी संबंध काय, असा प्रश्न येतो आणि दोन आठवडे वाया जातात. ईमेल मुलाच्या पत्त्यावरून गेला तरी हरकत नाही, पण जोडलेलं सहीचं पत्र दावेदाराचंच असावं.

तिसऱ्या मागणीवर ठाम राहा. तक्रार क्रमांक आला म्हणजे प्रकरण तिमाहीच्या आकड्यात धरलं गेलं. “आपली क्वेरी नोंदवली आहे” असं उत्तर आलं तर लगेच कळवा: ही क्वेरी नाही, तक्रार आहे.

कंपनी हलली नाही तर स्कोअर्स

उदाहरणात १२ मे रोजी ईमेल गेला आणि २ जूनपर्यंत ठोस उत्तर नाही. आता सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या संकेतस्थळावर, म्हणजे scores.sebi.gov.in वर, तक्रार करायची. खातं उघडायला पॅन, मोबाइल आणि ईमेल लागतो. आधी कंपनीकडे गेल्याशिवाय इथे येता येत नाही, म्हणून १२ मे चा ईमेल जोडायचा. मुदतीचं भानही ठेवा: तक्रारीचं कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत इथे यावं लागतं.

तक्रार ३ जूनला केली तर कंपनीने २१ दिवसांत, म्हणजे २४ जूनपर्यंत, काय कारवाई केली याचा अहवाल टाकायचा. १ एप्रिल २०२४ पासून चालू असलेल्या नव्या व्यवस्थेत तक्रार आपोआप कंपनीकडे जाते आणि लिस्टेड कंपनीच्या बाबतीत त्यावर शेअर बाजाराचं लक्ष राहतं. वेळेत निवारण झालं नाही तर शेअर बाजार कंपनीला दर तक्रारीमागे दर दिवशी १,००० रुपये दंड लावू शकतो. मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ आहे. पण दंड लागला की तो संचालकांपुढे जातो, आणि कंप्लायन्स ऑफिसरला तेच नको असतं.

समजा २० जूनला अहवाल आला: “गुंतवणूकदारास आवश्यक कागदपत्रांबाबत कळवले आहे.” स्कोअर्सवरची अनेक प्रकरणं इथे मरतात. अहवाल आला म्हणून लोक तक्रार सुटली असं समजतात, किंवा कंटाळून सोडून देतात. अहवालापासून १५ दिवसांत, म्हणजे ५ जुलैपर्यंत, फेरविचार मागितला नाही तर तक्रार बंद होते आणि कंपनीच्या खात्यात ती सुटलेली तक्रार म्हणून बसते.

फेरविचाराच्या चौकटीत सगळी कहाणी पुन्हा सांगू नका. एवढंच लिहा: कोणता कागद बाकी आहे ते अहवालात सांगितलेलं नाही, साक्षीदाराचा पत्ता अमुक तारखेला पोहोचला, पोहोच पावती जोडली आहे. पहिला फेरविचार शेअर बाजार करतो. तिथेही समाधान झालं नाही तर पुन्हा १५ दिवसांत दुसरा फेरविचार मागायचा, तो सेबीकडे जातो.

उदाहरणातलं प्रकरण पहिल्या फेरविचारातच सुटतं, आणि एवढा स्वच्छ कागदी माग असेल तर प्रत्यक्षातही बऱ्याचदा तसंच होतं. शेअर बाजाराने कंपनीला नेमकी उणीव विचारली की सांगण्यासारखं काही उरत नाही. जुलैमध्ये शेअर आईच्या डिमॅटमध्ये येतात. साचलेला लाभांश वेगळा तपासा, कारण शेअर जमा करण्याचं आणि लाभांश देण्याचं काम आरटीएकडे वेगवेगळ्या टेबलांवर असतं आणि दुसरं राहून जातं. गुरुजींच्या नावावर ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेला लाभांश पहिला न घेतलेला असेल, तर तो २०२८ च्या सप्टेंबरच्या आसपास आयईपीएफकडे जाईल. तोवर तो मागायला कंपनीकडेच जायचं.

कुठे अडलं तर सेबीची १८०० २६६ ७५७५ ही निःशुल्क हेल्पलाइन मराठीतही बोलते.

समितीने खरंच पाहिलं का, हे कसं ओळखायचं

वार्षिक अहवालात कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा भाग काढा. त्यात समितीच्या नावाखाली अध्यक्ष कोण, कंप्लायन्स ऑफिसर कोण, वर्षभरात तक्रारी किती आल्या, किती गुंतवणूकदारांच्या समाधानाने सुटल्या नाहीत आणि किती प्रलंबित आहेत हे द्यावंच लागतं. बैठका किती झाल्या आणि कोण हजर होतं, हेही बहुतेक कंपन्या छापतात.

आता तारखा लावून बघा. गुरुजींच्या घरची तक्रार मे २०२५ ची. म्हणजे एप्रिल ते जून २०२५ च्या तिमाहीच्या आकड्यांत, जे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर दिसतात, किमान एक तक्रार आलेली हवी आणि ३० जूनला ती प्रलंबित हवी, कारण ती जुलैत सुटली. आकडा शून्य असेल तर तुमची तक्रार मोजलीच गेली नाही. हा पुरावा शेअर बाजाराला कळवण्याजोगा आहे, आणि माझ्या मते प्रत्येकाने एकदा तरी ही पडताळणी करावी. समितीचं सगळं लक्ष या आकड्यांवर चालतं. आकडाच खोटा असेल तर चांगल्या मनाचा स्वतंत्र संचालकही काही करू शकत नाही.

दुसरी संधी वार्षिक सभेची. समितीच्या अध्यक्षांनी सभेला हजर राहून गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत असं नियम सांगतो. बऱ्याच सभा आता व्हिडिओवर होतात, त्यामुळे औसा किंवा जिंतूरहून बोलता येतं. त्यासाठी सभेच्या नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत ‘स्पीकर शेअरहोल्डर’ म्हणून नाव नोंदवावं लागतं. बोलायला मात्र स्वतः भागधारक असायला हवं. वारसाची नोंद झाली नसेल तर तो भागधारक नसतो. घरात दुसऱ्या कुणाच्या डिमॅटमध्ये त्या कंपनीचे चार-पाच शेअर असले तर त्याने बोलावं.

दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून स्वतःचं प्रकरण सांगण्यात ती घालवू नका. अध्यक्षांना विचारा: २१ दिवसांच्या वर रखडलेले वारसा नोंदीचे अर्ज किती आहेत? एकाच अर्जावर दोनदा हरकत काढल्याची प्रकरणं समितीने तपासली का? आरटीएच्या सेवेचा शेवटचा आढावा कोणत्या बैठकीत झाला? आकडा आत्ता हाताशी नाही असं उत्तर आलं तर लेखी मागा. या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी कंपनी सेक्रेटरीला आरटीएकडून यादी मागवावी लागते, आणि त्या यादीत तुमच्यासारखी आणखी घरं असतात.

जिथे ही वाट चालत नाही

समिती नुकसानभरपाईचा हुकूम देत नाही. तुमचा ब्रोकर, डिमॅट खातं किंवा शेअरचा पडलेला भाव हे तिचे विषय नाहीत. कायदा असंही म्हणतो की समितीला प्रामाणिक प्रयत्न करूनही एखादी तक्रार सोडवता आली नाही तर तो कलमाचा भंग ठरत नाही. म्हणजे “तक्रार सुटली नाही, म्हणून समिती दोषी” हा युक्तिवाद टिकत नाही. “तक्रार समितीपुढे ठेवलीच नाही” हा टिकतो.

ज्या कंपनीचं भरणा झालेलं भांडवल १० कोटींपर्यंत आणि नेटवर्थ २५ कोटींपर्यंत आहे, तिला सेबीचा नियम २० लागत नाही. तिथे १,००० धारकांचा कंपनी कायद्याचा निकष पाहायचा. समिती नसली तरी स्कोअर्सची वाट मोकळी असते. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल तर समितीचं काम रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे जातं, आणि पत्र त्याच्या नावे लिहायचं. प्रकरण न्यायालयात असेल तर स्कोअर्स ते हाती घेत नाही.

मुद्दा पैशाच्या दाव्याचा असेल, उदाहरणार्थ आरटीएच्या उशिरामुळे झालेलं नुकसान, तर smartodr.in वर जाता येतं. तिथे आधी समेट घडवण्याचा प्रयत्न होतो, त्याला २१ दिवस, आणि तो फसला तर लवाद. तिकडे गेल्यावर स्कोअर्सवरची तक्रार निकालात निघाली असं धरलं जातं. म्हणून शेअरच अजून नावावर झाले नसतील, तर आधी स्कोअर्सचे दोन्ही फेरविचार वापरा. शेअर आईच्या खात्यात आल्यावर त्याच आठवड्यात डिमॅटला नॉमिनीचं नाव नोंदवा.